सहा मोकळे पाय

ज्योतिबा पाटील सरांचं एक वाक्य बेळगावातल्या त्या पॉलिटेक्निकमध्ये बरीच वर्षं चलनात होतं. "मोकळा पाय म्हणजे एक." आयसीच्या, म्हणजे बारीक पाय फुटलेल्या त्या काळ्या चिपच्या, ज्या पायाला काहीही जोडलेलं नाही, त्याच्यावर 'एक' आहे असं समजायचं आणि पुढं चालायचं. एक म्हणजे बॅटरीचा दाब असलेली तार, शून्य म्हणजे ग्राऊंडला, बॅटरीच्या उण्या टोकाला, टेकलेली तार, मधलं काही नाही. पोरं हे वाक्य पाढ्यासारखं म्हणत. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा आणि नापास होणारा पोरगाही तेवढा प्रश्न सोडवून यायचा.

सर मूळचे कडोलीचे. घरी शेती, पण हे गडी लहानपणापासून रेडिओ उघडून बसलेले. आता वडगावात भाड्याच्या घरात राहायचे, दोन्ही बाजूंना विणकरांच्या मागांची खडखड, आणि त्या खडखडाटात बसून ते पोरांचे पेपर तपासायचे. स्वभावानं मायाळू, पण एकदा बोललेलं मागं घ्यायची सवय नव्हती. वर्गात कुणी शंका काढली की ते आधी हसायचे. त्या हसण्यात 'बाळा, तू अजून लहान आहेस' एवढं सगळं असायचं, म्हणून पुष्कळ शंका पोरांच्या घशातच राहायच्या.

चौऱ्याऐंशी साली शेवटच्या वर्षाला अक्काताई कांबळे नावाची मुलगी होती. निपाणीची. आई नागुबाई तंबाखूच्या वखारीत कामाला, वडील नव्हते. वर्गात वयानं सगळ्यात लहान, पण नावामुळं धिप्पाड धिप्पाड पोरंसुद्धा तिला 'अक्का' म्हणायची आणि ती निमूटपणे ओ द्यायची. ती बोलायची कमी. पण शंका घशात ठेवायची नाही, हे सरांना तिच्याबद्दल आवडायचंही आणि टोचायचंही.

तिनं प्रोजेक्ट घेतला तो आईच्या कामातून. बिडीची तंबाखू वखारीत ढीग लावून मुरत ठेवतात. मुरताना ढीग आतून तापतो. थोडा तापला तर रंग आणि वास धरतो, फार तापला तर करपून काळा पडतो आणि क्वचित धुमसायलाही लागतो. म्हणून नागुबाईसारख्या जाणत्या बायका अधूनमधून ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघतात. हात घालताना ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. आणि वखार बंद झाल्यावर हात घालणार कोण?

"ढिगात दोन जागी दोन धातू जोडलेल्या पट्ट्या पुरायच्या, सर," अक्काताईनं सांगितलं. "ढीग तापला की पट्टी वाकती आणि तार ग्राऊंडला टेकती. दोन्हीतली कुठलीबी टेकली तरी घंटी वाजाय पायजे."

"मग नँड गेट लाव की. दोन्ही एक असतील तर शून्य, कुठलाही एक जरी शून्य झाला तर बाहेर एक. त्या एकावर ट्रान्झिस्टर चालू कर, ट्रान्झिस्टर घंटी वाजवंल."

"व्हय सर, पण वखारीत लाईट न्हाय. मालक घेऊच देत न्हाईत, ठिणगी पडली तर म्हणून. बॅटरीवर चालवाय पायजे. हंगामभर."

सर हसले, पण या वेळी खरंच कौतुकानं. कॉलेजातल्या नेहमीच्या आयसीनं बॅटरी एक-दोन दिवसांत संपवली असती. तिच्या पोटात ट्रान्झिस्टर आणि रोध अशा रीतीनं बसवलेले असतात की काम असो वा नसो, विजेचा ओघ चालूच. सर तिला बसून खाणारा जावई म्हणायचे. दुसरी जात होती ती सीमॉसची. तिच्याबद्दल सरांनी वाचलं होतं, हातात कधी घेतली नव्हती. अक्काताईच्या मावसभावानं बंगळुरूहून एक पाठवून दिली. काळी, चौदा पायांची, आत चार नँड गेट.

ती आयसी आली त्या दुपारी दोघं प्रयोगशाळेत फळ्यासमोर उभे राहिले आणि सरांनी गेटच्या पोटातलं चित्र काढलं. वर बॅटरीची तार, खाली ग्राऊंड, मधोमध बाहेर जाणारी तार. वरच्या अंगाला दोन ट्रान्झिस्टर शेजारी-शेजारी, खालच्या अंगाला दोन एकाखाली एक.

"हे खालचे दोघं सरळ डोक्याचे," सर म्हणाले. "फाटकावर, म्हणजे तार जिथं येऊन लागते तिथं, एक आला की वाट उघडतात, शून्य आला की बंद. वरचे दोघं उलट्या डोक्याचे. शून्य आला की उघडतात, एक आला की बंद. पहिली तार एका वरच्याला आणि एका खालच्याला, दुसरी तार उरलेल्या दोघांना. आता सांग, दोन्ही तारांवर एक असंल तर?"

"खालचे दोन्ही उघडे," अक्काताई म्हणाली. "एकाखाली एक हाईत, दोन्ही उघडले म्हणून बाहेरची तार थेट ग्राऊंडला. शून्य. वरचे दोन्ही बंद."

"आणि एक पट्टी टेकली तर?"

"खालचा एक बंद झाला. एकामागं एक म्हटल्यावर एक बंद म्हणजे सगळी वाटच बंद. वर मात्र एक उघडला. वरचे शेजारी-शेजारी हाईत, एक उघडला तरी भागलं. बाहेरची तार बॅटरीला. एक." तिनं खडू घेतला आणि दोन्ही अंगांवरून बोट फिरवलं. "म्हंजे सर, वरचं अंग उघडं असलं की खालचं बंद, खालचं उघडं की वरचं बंद. बॅटरीतनं निघून ग्राऊंडला पोचायला सलग वाटच न्हाय."

"न्हाईच," सर म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते त्या क्षणी नव्यानं दिसलं होतं. शेताला पाणी सोडताना पाटाची वरची मोरी उघडी आणि खालची बंद असली की पाणी भरून उभं राहतं, वाहून जात नाही, एवढं साधं होतं ते. "आणि फाटकावर काचेसारखा पातळ थर आहे. म्हणून फाटकातूनही वीज आत शिरत नाही. एकाचा शून्य होताना, पालटताना, तेवढा घोटभर ओघ. एरवी बसून खायचं नाव नाही. नुसती झिरप म्हणावी इतकी वीज."

अक्काताई बराच वेळ चित्राकडं बघत होती. मग तिनं शंका काढलीच. "चार गेट हाईत. आपल्याला एकच लागतंय. बाकीच्या तिघांचे आत जाणारे मिळून सहा पाय. त्यांचं काय करायचं?"

सर ते जुनं हसू हसले. "अक्का, दोन वर्षं काय शिकलीस? मोकळा पाय म्हणजे?"

"एक," ती म्हणाली.

तिनं पेटी तयार केली. वापरातल्या दोन पायांना मोठे रोध लावून बॅटरीकडं ओढून धरलं, म्हणजे पट्टी टेकत नाही तोवर एक. उरलेले सहा पाय तसेच सोडले. सरांनी टेबलावर मीटर लावून पाहिलं, काटा जागचा हलला नाही. या हिशेबानं बॅटरी हंगाम काढून पुढच्या हंगामालाही पुरली असती. सर त्या दिवशी सायकलवरून घरी जाताना उगीचच शीळ घालत होते.

अक्काताईला या प्रोजेक्टची गरज इतरांपेक्षा जास्त होती. बंगळुरूच्या एका कारखान्यानं तिला घ्यायचं कबूल केलं होतं, अट एकच, पहिला वर्ग. लेखी परीक्षेत ती काठावर होती. प्रोजेक्टला चांगले गुण पडले तर पहिला वर्ग, नाहीतर दुसरा, आणि दुसऱ्या वर्गाला कारखान्याचं दार बंद. मायलेकींनी हे कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं, पण मार्गदर्शक म्हणून सरांना माहीत होतं.

वखारीचे मालक आण्णाप्पा तसे नव्या गोष्टींना नाक मुरडणारे. नागुबाईनं शब्द टाकला म्हणून त्यांनी पेटी एका ढिगाला लावू दिली. पहिल्या आठवड्यात सगळं झकास. नागुबाईनं पट्टी अंगणात नेऊन काडी पेटवून तापवून बघितली, घंटी खणखणली, बायका हसल्या. मग दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिनं सवयीनं ढिगात हात घातला तर आत चांगलाच चटका. ढीग फोडून पसरावा लागला. थोडी तंबाखू वाया गेली. पेटी मुकी बसली होती.

निपाणीहून बेळगावला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. बॅटरी पार संपली होती.

"बॅटरी जुनी दिली असंल दुकानदारानं," सर म्हणाले. नवी घातली. ती पण आठवड्याभरात संपली. मग सर म्हणाले आयसी डुप्लिकेट असणार. अक्काताईनं मावसभावाकडून दुसरी मागवली, पुन्हा पायांना कथलाचे डाग दिले, पुन्हा बॅटरी घातली. तीही गेली. आण्णाप्पा नागुबाईला म्हणाले, "आता एक डाव बघतो. मग ती पेटी तुझ्या घरात शोभंला ठेव."

तिसऱ्यांदा अक्काताई पेटी घेऊन सरांपुढं उभी राहिली तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती. प्रयोगशाळेत इतर पोरंही होती. सरांनी पेटी उलटीपालटी केली आणि त्यांच्या तोंडून गेलं, "तू डाग देताना कुठली साडी नेसली होतीस? नायलॉनची? अगं, या जातीच्या आयसीला नायलॉनच्या घर्षणाची वीज मारती. हात लावायचं भान पाहिजे. शिकून काय उपयोग?"

ते खोटं नव्हतं. सीमॉसचा तो पातळ थर अंगावरच्या स्थिर विजेनं फुटतो हे खरंच. म्हणूनच ते लागलं जास्त. अक्काताईकडं साड्या होत्या दोन आणि दोन्ही नायलॉनच्या, कारण त्या लवकर वाळतात. तिनं पेटी पिशवीत घातली आणि ती निघून गेली. पोरं माना खाली घालून आपापल्या तारा जोडत राहिली. सरांना घरी गेल्यावर जेवण गोड लागलं नाही. आयसी खरंच मेली असती तर घंटी पहिल्या आठवड्यात तरी कशी वाजली असती, हा साधा प्रश्न त्यांना तेव्हा सुचला, आणि सुचल्यावर स्वतःचाच राग आला.

रविवारी ते मीटर पिशवीत घालून निपाणीच्या गाडीत बसले.

वखारीत पाय ठेवला तसा त्यांना सणसणीत ठसका लागला. नागुबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "बसा गुरुजी. सवय न्हाय तुमास्नी." बाई काटक, हात कोपरापर्यंत तपकिरी, तो रंग काही धुऊन जाणारा नव्हता. अक्काताई पेटी उघडून बसली होती. तिनं सरांना बघून उठल्यासारखं केलं, आणि पुन्हा पेटीत डोकं घातलं.

सरांनी बॅटरीची एक तार सोडवून मध्ये मीटर लावला. काटा उठला आणि दोन मिलिअँपियरच्या पुढं जाऊन थांबला. घंटी बंद, पट्ट्या थंड, आणि बॅटरी मात्र धो धो गळत होती. जी आयसी बसून खात नाही म्हणून आणली, ती मुकाट्यानं खात बसली होती.

"ही काडी कसली हालाय लागलीया?" नागुबाईनं वाकून बोट दाखवलं. तिचं बोट आयसीच्या जवळ आलं आणि काटा थरथरला, खाली गेला, पुन्हा वर आला. तिनं हात मागं घेतला. काटा जागेवर आला. तिनं पुन्हा हात पुढं केला. काटा पुन्हा हलला. "मी शिवलोबी न्हाय हं," ती घाईघाईनं म्हणाली.

"शिवली न्हाईसच तू, आई," अक्काताई म्हणाली.

सरांना काही कळेना. न शिवता आयसीला हात कळतो कसा? त्यांनी स्वतःचा हात नेला, काटा हलला. अक्काताईनं कोपऱ्यातला खडूचा तुकडा घेतला, तंबाखूच्या बोदांवर आकडे घालायचा, आणि वखारीच्या पत्र्याच्या दारावर तेच चित्र काढलं. वर दोघं शेजारी-शेजारी, खाली दोघं एकाखाली एक. मग ती एकेका तारेवरून बोट फिरवत गेली.

"वापरातलं गेट बरोबर हाय. दोन्ही पाय रोधानं वर धरलेत. खालचे उघडे, वरचे बंद. इथनं वीज जात न्हाय." ती बाजूला सरकली आणि दुसरं गेट काढलं. "हे बिनकामाचं. ह्येचा हा पाय..." ती थांबली. "सर, हा पाय कशाला टेकलाय?"

"मोकळा पाय म्हणजे..." सर म्हणाले, आणि वाक्य त्यांच्या तोंडात अर्धंच राहिलं.

जुन्या आयसीत मोकळा पाय एक का असतो, हे त्यांना पाठ होतं. तिथं पायातून थोडी वीज बाहेर वाहते. पाय ग्राऊंडला टेकवला की वाहते, म्हणजे शून्य. मोकळा सोडला की वाहत नाही, म्हणून तो एकासारखा वागतो. आतली रचनाच त्याला एक करते. पण इथं? इथं पायामागं नुसतं फाटक, आणि फाटकापुढं काचेसारखा थर. आत कुणी त्याला वर ओढणारं नाही, खाली ओढणारं नाही. जवळून कुणाचा हात गेला की तो त्याच्याबरोबर डोलणार, आणि हात नसला की कुठंतरी मध्येच तरंगत राहणार. एकही नाही आणि शून्यही नाही. मग वरचे ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे आणि खालचेही अर्धवट उघडे. बॅटरीपासून ग्राऊंडपर्यंत सलग वाट. पाटाच्या दोन्ही मोऱ्या किलकिल्या राहिल्या की सबंध विहीर उपसून जाते. कॉलेजातल्या टेबलावर त्या दिवशी सहाही पाय योगायोगानं एका कडेला जाऊन बसले असतील, म्हणून काटा हलला नव्हता.

हे सगळं त्यांना पत्र्याच्या दारासमोर एका दमात दिसलं. अक्काताईलाही दिसलं होतं. तिनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि लगेच नजर खडूकडं नेली.

"सहाही पाय ग्राऊंडला बांध," सर म्हणाले.

नागुबाईनं शेगडी पेटवून आणली वखारीबाहेर, अंगणात. तिच्यावर कथलाची डागणी तापवली आणि अक्काताईनं एका बारीक तारेनं सहा पाय ओवल्यासारखे जोडून ग्राऊंडला नेले. आता तिन्ही बिनकामाच्या गेटांत खालचे दोन्ही ठाम बंद, वरचे दोन्ही ठाम उघडे, वाट कुठंच नाही. बॅटरी लावली. मीटरचा काटा शून्यावर पडून राहिला. नागुबाईनं हात जवळ नेला, दोन्ही हात नेले. काटा ढिम्म.

"झालं," सर म्हणाले. "आता चालंल."

एवढंच म्हणाले. 'माझं चुकलं' हे त्यांच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. नागुबाईनं चहा दिला, तो त्यांनी पिऊन टाकला. बोलायचं होतं ते सारखं उद्यावर ढकललं गेलं आणि गाडीची वेळ झाली. परतीच्या वाटेवर संकेश्वर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. किती पोरांना आपण ते वाक्य दिलं, आणि त्यांतली किती आता कारखान्यांत बसून सीमॉसचे पाय मोकळे सोडत असतील, याचा अंदाज करायला लागले आणि मध्येच सोडून दिला. साडीचं तर त्यांना आठवायचंही नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक म्हणून हुबळीच्या एका कॉलेजातले भीमाप्पा सर आले होते. डोक्यावर पांढरे केस, हातात पेन्सिल, कुठल्याही पोराला घाबरवायचं नाही असा स्वभाव, पण कागद मात्र ओळ न ओळ वाचणार. विभागप्रमुख शेजारी बसले. ज्योतिबा सर मार्गदर्शक म्हणून भिंतीकडच्या खुर्चीत. प्रश्न इंग्रजीत सुरू झाले आणि थोड्याच वेळात मराठीत आले, मध्येच कानडी.

अक्काताईनं पेटी लावली. पट्टी तापवली, घंटी वाजली. फळ्यावर गेटाचं पोट काढून वरचं अंग, खालचं अंग, का वीज जात नाही, सगळं सांगितलं. भीमाप्पा सर मान हलवत होते. मग त्यांनी अहवालाचं पान उलटलं आणि पेन्सिल एका ओळीवर ठेवली.

"इथं लिहिलंयस की पहिल्या तीन बॅटऱ्या आठवड्या-आठवड्याला संपल्या. तू आत्ता सांगितलंस त्याप्रमाणं तर संपायला नको होत्या. का संपल्या?"

"सहा बिनकामाचे पाय मोकळे राहिले होते, सर. फाटक मधेच तरंगत होतं. दोन्ही अंगं अर्धवट उघडी राहायची."

"बरोबर. पण ही फार मोठी चूक आहे, होय न्हवं? हंगामभर चालवायची पेटी आणि डिझाईनमध्येच भोक." विभागप्रमुखांनी गुणांच्या कागदाकडं बघितलं. "मोकळे का सोडलेस?" भीमाप्पा सरांनी विचारलं.

अक्काताई ज्योतिबा सरांकडं वळली नाही. फळ्याकडंच तोंड करून म्हणाली, "माझं चुकलं, सर. मी इसरलो."

भीमाप्पा सरांनी पेन्सिलीनं समासात एक बारीक खूण केली. तेवढ्या खुणेनं पहिला वर्ग जाणार होता, हे खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. ज्योतिबा सरांना वाटलं, पोरगी आपल्याला झाकतेय, आणि आपण झाकून घेतोय. बोललो तर उद्यापासून कॉलेजात काय म्हणतील ते त्यांना शब्दान् शब्द ऐकू येत होतं. न बोललो तर हिच्या आईच्या हातचा चहा घशाशी येईल, तेही कळत होतं.

ते उभे राहिले.

"ती विसरली नव्हती," ते म्हणाले. "तिनं मला विचारलं होतं, या सहा पायांचं काय करू म्हणून. मोकळे सोड असं मी सांगितलं. मोकळा पाय म्हणजे एक, हे मीच शिकवतो इथं. जुन्या आयसीला ते चालतं. हिला चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आणि बॅटरी संपली तेव्हा चार पोरांदेखत तिच्या साडीला बोल लावला. तोही माझाच दोष."

अक्काताई फळ्याकडंच बघत होती, पण तिच्या हातातला खडू मोडला.

भीमाप्पा सरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी अहवाल मिटला, पुन्हा उघडला. मग समासातली खूण खोडरबरानं पुसून टाकली आणि कागदावरचा चुरा हातानं झटकला.

"पाटील," ते हळूच म्हणाले, "मागच्या महिन्यात हुबळीत मी नव्या वर्गाला सीमॉस शिकवलं. त्यांनी विचारलं, मोकळ्या पायांचं काय." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी पण सांगितलं, मोकळा पाय म्हणजे एक."

भीमाप्पा सरांनी आपली खुर्ची उचलून फळ्याच्या जवळ नेली, बसले आणि अक्काताईकडं बघून म्हणाले, "त्या बिनकामाच्या गेटाचं पोट पुन्हा काढ, बाई. सावकाश काढ. मला उतरवून घ्यायचंय."

ज्योतिबा सरांनी खिशातून नवा खडू काढून तिच्या हातात दिला आणि आपली खुर्चीही पुढं ओढली.